आजचा भाव रात्री कळतो

नमस्कार, श्रोतेहो. म्युच्युअल फंडाच्या युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, रोज कसा निघतो ते आज एका काल्पनिक इक्विटी योजनेच्या हिशोबातून पाहू.

समजा, बाजार बंद होताना योजनेकडच्या सगळ्या शेअर्सची किंमत बंद भावाने 500 कोटी रुपये झाली. रोख 12 कोटी आणि जाहीर झालेला, पण अजून हातात न आलेला लाभांश 1 कोटी. यातून देणी वजा करायची. घेतलेल्या शेअर्सचे चुकते करायचे पैसे आणि साठलेला खर्च मिळून ती 3 कोटी धरू. उरले 510 कोटी. युनिट 10 कोटी असतील, तर भाव निघाला 51 रुपये.

खर्चाचं म्हणाल, तर तो वर्षाअखेरी एकदम कापत नाहीत. वार्षिक खर्च 1 टक्का असेल, तर या योजनेतून दिवसाला साधारण 1 लाख 40 हजार रुपये जातात. एका युनिटमागे पाव पैसाही होत नाही, म्हणून ते जाणवत नाही, एवढंच.

आता तुम्ही दुपारी 2 वाजता 10 हजारांचा अर्ज केलात. त्या वेळी स्क्रीनवर दिसतो तो कालचा भाव, समजा 50 रुपये. तुम्हाला लागू होईल तो आजचा, रात्री जाहीर होणारा. 0.005 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे 50 पैसे, कापून 51 च्या भावाने तुम्हाला 196.069 युनिट मिळतील. तुमच्या पैशांनी योजनेची मालमत्ता वाढली, तशीच त्या प्रमाणात युनिटंही वाढली. त्यामुळे भाव जागेवरच राहतो.

कालच्या 50 ने दिले असते तर? शुल्क बाजूला ठेवलं तर तुम्हाला 200 युनिट मिळाले असते आणि त्यांची खरी किंमत 10,200 रुपये. वरचे 200 रुपये आले असते जुन्या गुंतवणूकदारांच्या खिशातून! अमेरिकेत 2003 मध्ये उघड झालेला घोटाळा याच जातीचा होता: बाजार बंद झाल्यावर अर्ज, आणि भाव मात्र त्याच दिवसाचा.

म्हणूनच आपल्याकडे इक्विटी योजनांना दुपारी 3 ची वेळ आहे. त्यातही नुसता अर्ज 3 च्या आत पोहोचून भागत नाही. फेब्रुवारी 2021 पासून, रक्कम कितीही लहान असो, पैसे त्या वेळेपर्यंत योजनेच्या खात्यात जमा व्हावे लागतात. शुक्रवारी अर्ज केला आणि बँकेकडून पैसे सोमवारी सकाळी पोहोचले, तर भाव सोमवारचा. एसआयपीवाल्यांची ‘माझी तारीख 5, भाव मात्र 6 तारखेचा’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. खातेपत्रकात भावाची तारीख लिहिलेली असते. पैसे खात्यातून कधी गेले हे बँकेच्या पासबुकात दिसतं, फंडाला कधी मिळाले ते मात्र फंडाकडेच विचारावं लागतं.

आणि नव्या योजनेचं 10 रुपयांचं युनिट ‘स्वस्त’ म्हणून घेणार असाल, तर एवढं करून बघा. दोन्ही योजनांत सारखेच शेअर्स आहेत आणि ते 10 टक्के वाढले असं धरा. 10 चे 11 होतील, 51 चे 56 रुपये 10 पैसे. तुमच्या 10 हजारांचे दोन्हीकडे साधारण 11 हजारच.