कोबाल्टचा सोर्स बदलायचा कधी?

कॅन्सरला रेडिएशन देणाऱ्या या मशीनचं गोल डोकं दिसतंय ना, त्याच्या जाड शिल्डिंगच्या आत दोनेक सेंटीमीटर व्यासाची कोबाल्ट-60 ची कुपी आहे, तोच रेडिएशनचा सोर्स. मशीन चालू असो की बंद, सोर्स आपला कमी होतच राहतो, महिन्याला साधारण 1.1 टक्के, आणि सव्वापाच वर्षांनी ताकद निम्मी.

आता हे मोजमाप नीट बघा. टेबलावर पाण्याची टाकी, पाण्यात 5 सेंटीमीटर खोल रेडिएशन मोजणारा पेन्सिलीएवढा आयन चेंबर, वायर बाहेर आलीय ती आकडा दाखवणाऱ्या इलेक्ट्रोमीटरला. फिजिसिस्ट बीम सोडतात, रीडिंग घेतात, परत घेतात, मग खोलीचं तापमान आणि हवेचा दाब बघून आकडा दुरुस्त करतात. हा आकडा आणि हिशोबाने काढलेला आकडा दोन टक्क्यांच्या आत जुळायला हवा, नाही जुळला तर टायमर तपासा, अंतर तपासा, सोर्स पूर्ण जागेवर येतोय का ते बघा. जुळला की किती डोसला किती वेळ बीम द्यायचा त्याचा भिंतीवरचा जुना चार्ट काढून नवीन लावायचा. हे दर महिन्याला झालंच पाहिजे, कारण सहा महिने चार्ट तसाच राहिला तर पेशंटला सहा टक्के डोस कमी जातो आणि वरून कुणाला काहीच कळत नाही.

या पेशंटला पुढून आणि मागून मिळून शरीराच्या मध्यात 2 ग्रे, म्हणजे 200 सेंटीग्रे, इतका रेडिएशनचा डोस द्यायचाय. सोर्स नवा होता, मिनिटाला 200 सेंटीग्रे देत होता, पण मध्यापर्यंत पोचताना त्यातलं बरंच वाटेतच कमी होतं, म्हणून तेव्हा दोन्ही बाजू मिळून 100 सेकंद लागायचे. सव्वापाच वर्षांनी 200. साडेदहा वर्षांनी 400, म्हणजे जवळपास सात मिनिटं हलायचं नाही, आणि ज्याला पाठ टेकवत नाही त्याला ते जमत नाही हो.

दिवसाला असे 60 पेशंट धरा. 200 सेकंदांवर आलं की नुसत्या बीमचेच रोज 1 तास 40 मिनिटं जास्त जातात, 400 वर पाच तास जास्त. बाहेरच्या बाकांवरची ही गर्दी त्याचीच आहे. म्हणून निम्म्यावर यायच्या आधीच नव्या सोर्सची फाइल हलवायला हवी, पैसे मंजूर व्हायचे, सोर्स पुरवणाऱ्या सरकारी ब्रिटकडे ऑर्डर, अणुऊर्जा नियामक मंडळाची म्हणजे एईआरबीची परवानगी, सगळ्याला वेळ लागतो, आणि डोस रेट मिनिटाला 50 सेंटीग्रेवर येईपर्यंत थांबणं म्हणजे आज लाइट, म्हणजे हे रेडिएशन, घ्यायला आलेल्यांच्या जिवावर पैसे वाचवणं.

आणि हा सोर्स बदलायचा दिवस, सोर्स ने-आण करायचा जाड फ्लास्क आला, जुना सोर्स त्यात परत, नवा मशीनमध्ये. इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं, कारण बीमचा वेळ एकदम कमी होतो. कोस्टा रिकात सॅन होजेला 1996 मध्ये सोर्स बदलल्यावर मोजताना 0.3 मिनिट, म्हणजे 18 सेकंद, हे 30 सेकंद धरले गेले, शंभराहून जास्त लोकांना भयंकर जास्त डोस गेला, काही दगावले. म्हणून इथे दुसरे फिजिसिस्ट तेच मोजमाप पहिल्यांचा आकडा न बघता परत करतायत, दोघांचं जुळल्याशिवाय चार्टवर सही होणार नाही.