दिवाळीचा डबा कोणत्या दिवशी उघडला जातो?

(परचेस विभागातल्या मंडळींसमोर एका मिठाई उत्पादकाने केलेल्या भाषणातून)

नमस्कार. तुमचा पहिला प्रश्न मला पाठ आहे: किलोचा भाव काय? भाव सांगतो, पण आधी मला सांगा, डबा घरी कधी उघडला जाणार?

चाकणच्या एखाद्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. 1200 कामगार, प्रत्येकी अर्धा किलो, म्हणजे 600 किलो माल. वाटप वसुबारसेला. माल आदल्या दिवशी गेटवर येणार, तिसऱ्या शिफ्टला तो रात्री उशिरा मिळणार. मग कुणी एसटीने लातूरला, कुणी रेल्वेने बिहारला जाणार. डबा उघडायला चार-पाच दिवस सहज जातात. खव्याची बर्फी, पेढे तोवर तग धरत नाहीत. दुकानात तो माल मी रोज विकतो, पण या ऑर्डरला देणार नाही, तुम्ही मागितलात तरी.

काजू कतली टिकते, कारण तिच्यात खवा नसतो. काजूची पूड आणि साखरेचा पाक, बस. पाक कच्चा राहिला तर मात्र तीही चिकट होते, लवकर खराब होते. आणि खरा घात होतो पॅकिंगमध्ये. घाईत कोमट वडी डब्यात भरली की वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन खाली पडते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी. म्हणून आमच्याकडे वडी रात्रभर ट्रेमध्ये निवते, डबे सकाळी भरतात. एका घाण्यात 20 किलो धरले तर तुमच्या 600 किलोंना 30 घाणे लागतात. वसुबारसेच्या आठवड्यात ऑर्डर दिलीत तर मी "हो" म्हणेन, पण मग वडी निववायची ती रात्र गाळावी लागेल. जो पुरवठादार तेव्हाही खुशाल "हो" म्हणतो, त्याच्या डब्याचं झाकण उलटं करून बघा.

आता पैशांचं. कोटेशनमध्ये वजन निव्वळ मिठाईचं लिहून घ्या. पुठ्ठ्याचा जड डबा काट्यावर ठेवून अर्धा किलो भरवणारे आहेत. आणि तुलना जीएसटी धरून करा. भेट म्हणून वाटलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार मिळत नाही, म्हणजे तो कर तुमच्या खर्चातच जातो. मिठाईवर तो 5 टक्के आहे. त्याच डब्यात 18 टक्क्यांची शोभेची वस्तू घालून एकाच किमतीत विकली, तर अख्ख्या डब्याला 18 टक्के लागू शकतात. हौस असेल तर वस्तू वेगळी घ्या, बिलातही वेगळी दाखवा.

टेबलावरचे सॅम्पल इथे खाऊ नका. खायला वेगळी प्लेट आहे. डबा बंदच न्या, ऑफिसच्या कपाटात सहा दिवस ठेवा, फ्रिजमध्ये नको. मग उघडा. झाकण कोरडं, वडीचा तुकडा स्वच्छ तुटला, वास शुद्ध, तर दसऱ्याच्या आत ऑर्डर द्या. डब्यावर नाव छापायचं असेल तर आणखी आठवडाभर आधी.