तीन मिनिटांचं खाणं, दोन तासांची वाट

नमस्कार श्रोतेहो. दुपारची जेवणं आटोपली असतील. पोटात गेलेल्या वरणातलं प्रथिन पचवायला लागणारी विकरं तुमच्या स्वादुपिंडाच्या पेशी बनवतात आणि आतड्याकडे धाडतात. ही विकरंही प्रथिनंच. ती पेशीतून बाहेर कशी पडतात, हे आपल्याला कळलं ते गिनीपिगच्या स्वादुपिंडामुळे. तीच गोष्ट आज सांगतो, मला ती फार आवडते.

साल १९६७. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेम्स जेमीसन आणि जॉर्ज पलाडे यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाचे पातळ काप केले आणि ते किरणोत्सारी ल्युसीनमध्ये ठेवले. ल्युसीन म्हणजे प्रथिनाचा एक मणी. किती वेळ ठेवले? फक्त तीन मिनिटं. मग साधं ल्युसीन भरपूर ओतलं. म्हणजे त्या तीन मिनिटांत ओवलेलं प्रथिन तेवढं खुणेचं, आधीचं नाही, नंतरचं नाही. वेगवेगळ्या वेळी काप उचलून त्यांच्या अतिपातळ चकत्यांवर फोटोचं रसायन लावलं आणि अंधारात ठेवून दिलं, एकदोन दिवस नव्हे, कित्येक आठवडे. जिथे खुणेचं प्रथिन होतं, तिथे काळे ठिपके उमटले.

(शाळेत पेशीची आकृती रंगीत खडूंनी काढून घेतात, नावं पाठ करून घेतात, पण त्यात काही हलतं, हे कुणी सांगत नाही. माझी जुनी तक्रार आहे ही. असो.)

तीन मिनिटांनी ठिपके कुठे? खडबडीत आंतर्द्रव्यजालिकेवर, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यावर. तिचा खडबडीतपणा प्रथिन ओवणाऱ्या रायबोझोमचा. तिथे साखळी ओवतानाच ती पडद्याच्या आत सरकते आणि घडी घेते. आणखी सात मिनिटांनी ठिपके गॉल्जी संकुलाच्या, म्हणजे पेशीतल्या चपट्या पिशव्यांच्या चळतीच्या, कडेच्या बारीक पुटिकांवर, म्हणजे पडद्याच्या इवल्या पिशव्यांवर. साधारण अर्ध्या तासाने गॉल्जीजवळच्या मोठ्या, फिकट पुटिकांत, जिथे माल दाट होतो. आणि दोन तासांनी पेशीच्या टोकाशी, गडद कणांत, म्हणजे दाट मालाने भरलेल्या पुटिकांत. पुन्हा सांगतो: आधी जालिका, मग गॉल्जी, शेवटी पुटिकेतला साठा. जेवणाचा इशारा आला की ती पुटिका पेशीच्या पडद्याला चिकटून उघडते आणि माल नळीत ओतला जातो.

गंमत पुढे आहे. १९६८ मध्ये त्यांनी नवी प्रथिनं बनणंच औषधाने थांबवलं, तरी जुनी गाडी पुढे सरकत राहिली. पण पेशीची ऊर्जा तोडली, तर माल जालिकेतच अडकला. म्हणजे बनवणं वेगळं, पाठवणं वेगळं, आणि पाठवण्यालाही इंधन लागतं. पलाडे यांना १९७४ चं नोबेल पारितोषिक दोघांबरोबर विभागून मिळालं.

आणि या मालातलं प्रथिन पचवणारं एक विकर म्हणजे ट्रिप्सिन. पुटिकेत ते तयार अवस्थेत नसतंच. ट्रिप्सिनोजेन म्हणून, कुलूपबंद. कुलूप उघडतं आतड्यातलं एक विकर. ते आधीच, स्वादुपिंडातच उघडलं, तर पेशी स्वतःलाच पचवू लागते. पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी ती भयंकर कळ ज्याने सोसली आहे, त्याला विचारा.