सेकंदाला दहा, पण दहा काय?

आजच्या व्याख्यानासाठी मी एकच प्रसंग निवडला आहे. तो मी स्वतः लिहिलेल्या जॉबमध्ये घडला, त्यामुळे त्यातल्या चुकांचे श्रेय दुसऱ्या कोणाला देण्याची सोय नाही. काम साधे होते. दुसऱ्या दिवशी ज्यांची भेटीची वेळ ठरलेली आहे, अशा १२,००० लोकांना आठवणीचा एसएमएस पाठवायचा. एसएमएस गेटवेने आम्हाला सेकंदाला १० ही मर्यादा दिली होती. क्रॉन दर अर्ध्या तासाने जॉब सुरू करी, न पाठवलेल्यांची यादी डेटाबेसमधून एकदाच वाचून घेई आणि सेकंदाला दहाच्या वेगाने ती संपवी. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तेव्हा १२,००० भागिले १० म्हणजे १,२०० सेकंद, बरोबर वीस मिनिटे लागली. पुढच्या फेरीपूर्वी दहा मिनिटे उरत होती आणि आम्ही निर्धास्त होतो.

मग मजकूर मराठीत करण्याचे ठरले, आणि पहिल्याच दिवशी काही लोकांना तोच संदेश दोनदा गेला, काहींना एकदाच गेला, तर काहींना गेलाच नाही.

याचे मूळ एसएमएसच्या मोजणीत आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइटची जागा असते. रोमन मजकूर सात बिटांच्या वर्णसंचात बसतो, म्हणून तिथे १६० वर्ण मावतात. देवनागरीसाठी साधारणपणे प्रत्येक वर्णाला दोन बाइट देणारी यूसीएस-२ ही पद्धत वापरली जाते, त्यामुळे हा आकडा ७० वर येतो. मजकूर त्याहून लांब असेल, तर तुकडे पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येक तुकड्यातले ६ बाइट जोडणीच्या माहितीसाठी खर्च होतात आणि आपल्या वाट्याला ६७ वर्ण उरतात. शिवाय ‘वर्ण’ म्हणजे आपल्याला दिसणारे अक्षर नव्हे. ‘नमस्ते’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, पण यंत्र न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा असे सहा मोजते.

आमचा मजकूर १५० वर्णांचा होता. रोमन लिपीत तो एका तुकड्यात मावला असता, मराठीत त्याचे तीन तुकडे झाले. गेटवेची मर्यादा सेकंदाला दहा तुकड्यांची होती, दहा संदेशांची नव्हती. कागदपत्रांत तसे लिहिलेलेही होते, आम्ही ते वाचताना ‘संदेश’ असे वाचले. एकूण ३६,००० तुकडे, म्हणजे दहाच्या वेगाने ३,६०० सेकंद: वीस मिनिटांच्या जागी पूर्ण एक तास.

सुरुवातीला बाहेरून काहीच बिघडलेले दिसले नाही, कारण दहाच्या पलीकडचे तुकडे गेटवे काही काळ स्वतःच्या रांगेत ठेवत होता आणि उत्तर सावकाश देत होता. त्यामुळे आमचा जॉब आपोआप मंदावला. अर्ध्या तासाने क्रॉनने दुसरी फेरी सुरू केली, तेव्हा पहिल्या फेरीचे जेमतेम ६,००० संदेश गेले होते. उरलेले ६,००० दुसऱ्या फेरीला डेटाबेसमध्ये ‘न पाठवलेले’ दिसले आणि पहिल्या फेरीच्या स्मृतीतही तेच होते. दोन्ही प्रक्रिया एकाच यादीतून, एकाच क्रमाने, जवळजवळ एकाच वेळी चालू लागल्या. दोघींची मर्यादा पाळण्याची सोय आपापल्या पोटात होती आणि दुसरीचा पत्ता एकीलाही नव्हता. गेटवेची रांग भरली आणि मग लॉगमध्ये हे उत्तर दिसू लागले:

```
HTTP/1.1 429 Too Many Requests
Retry-After: 30
```

याचा अर्थ तीस सेकंद थांबा. आमचा कोड मात्र नकार आला की तोच संदेश लगेच पुन्हा पाठवी, तीन वेळा. तिन्ही प्रयत्न फसले की त्या नोंदीवर ‘अयशस्वी’ असा शिक्का मारून पुढच्या संदेशाकडे वळे. तीन प्रयत्न एका सेकंदाच्या आत उरकत, म्हणजे गेटवेने मागितलेल्या थांब्याच्या फार आधी. ज्यांचे दोन्ही फेऱ्यांतले प्रयत्न असे वाया गेले, त्यांना संदेश मिळाला नाही. ज्यांचे दोन्ही स्वीकारले गेले, त्यांना दोनदा मिळाला.

दुरुस्तीत पहिली गोष्ट केली ती फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून:

```
*/30 * * * * flock -n /tmp/smaran.lock /opt/smaran/pathva.sh
```

आधीची फेरी चालू असेल तर `flock -n` नवी फेरी सुरूच होऊ देत नाही. हे कुलूप एकाच यंत्रापुरते असते. जॉब दोन यंत्रांवर चालत असेल, तर नोंदी डेटाबेसमध्येच ताब्यात घ्याव्या लागतात. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल ८ मध्ये त्यासाठी `FOR UPDATE SKIP LOCKED` आहे, ज्यामुळे एका प्रक्रियेने धरलेली नोंद दुसरीला मिळत नाही.

दुसरी आणि माझ्या मते खरी दुरुस्ती ही, की वेगाचा हिशेब एकाच ठिकाणी आणला. त्याला टोकन बकेट म्हणतात. ठरावीक वेगाने टोकन भरणारी एक सामाईक बादली असते. पाठवणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेने तिच्यातून टोकन घ्यायचे आणि ती रिकामी असेल तर थांबायचे. आमच्या मजकुराला एक नव्हे, तीन टोकन लागतात. भरण्याचा वेग आम्ही दहाऐवजी आठ ठेवला, कारण त्याच खात्यातून लॉगिनचे ओटीपीही जातात आणि आठवणीच्या संदेशांपायी कोणाचा ओटीपी अडावा हे मला पटत नाही. 429 आले की ही बादलीच Retry-After मध्ये सांगितलेल्या वेळेपर्यंत बंद होते. नकार एका संदेशाला मिळाला तरी तो सगळ्या खात्याला उद्देशून असतो. एकाने थांबून बाकीच्यांनी पाठवत राहण्याला अर्थ नाही. तीस सेकंद संपताच सगळ्या प्रक्रिया एकदम तुटून पडू नयेत, म्हणून प्रत्येकीच्या थांब्यात थोडा यादृच्छिक वेळ मिळवला.

टाइमआउट मात्र वेगळा. 429 मध्ये संदेश गेला नाही हे पक्के असते. टाइमआउटमध्ये तो गेला की नाही, हे आपल्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक संदेशाला आपला कायमचा क्रमांक द्यावा आणि पुन्हा पाठवताना तोच वापरावा. गेटवे असे क्रमांक ओळखत असेल, तर दुसरी प्रत तो स्वतःच टाकून देतो. ओळखत नसेल, तर आधी त्याच्याकडून त्या संदेशाची स्थिती विचारून घ्यावी.

ईमेलमध्ये मर्यादा घालणारा आणखी एक पक्ष असतो, तो म्हणजे पत्र स्वीकारणारा सर्व्हर. यादी पत्त्यांच्या डोमेननुसार लावलेली असेल, तर एकाच सर्व्हरवर हजारो पत्रे सलग आदळतात आणि तो 421 किंवा 451 असे तात्पुरत्या नकाराचे उत्तर देऊ लागतो. यादी मिसळून घेतली तरी हा त्रास बराच कमी होतो. चारने सुरू होणाऱ्या उत्तरानंतर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा असतो. पाचने सुरू होणारे उत्तर कायमच्या नकाराचे. एसएमटीपीचे मानक, म्हणजे आरएफसी ५३२१, दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटांचे अंतर सुचवते आणि चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवायला सांगते. उद्याच्या भेटीची आठवण मात्र परवा पोहोचून उपयोग नाही, म्हणून प्रत्येक संदेशावर त्याची मुदत लिहून ठेवावी आणि ती उलटली की त्याला रांगेतून काढावे.

आठच्या वेगाने ३६,००० तुकड्यांना पंचाहत्तर मिनिटे लागू लागली, आणि ती आम्हाला परवडत नव्हती. तेव्हा मजकूर लिहिणाऱ्या बाईंनी ‘आपणांस कळविण्यात येते की’ एवढे शब्द गाळले. मजकूर १३४ वर्णांच्या आत आला, तिनाचे दोन तुकडे झाले आणि तोच जॉब पन्नास मिनिटांत संपू लागला.