पाइपवरची दुसरी ओळ वाचा

दुकानात गेलं की सगळे पहिलं विचारतात, आशीर्वाद घेऊ की अ‍ॅस्ट्रल, सुप्रीम की फिनोलेक्स. माझं म्हणणं असं की ब्रँड नंतर ठरवा, आधी पाइप हातात घ्या आणि त्याच्यावर काय छापलंय ते वाचा. गरम पाण्याला क्रीम रंगाचा सीपीव्हीसी लागतो, त्यावर आयएस १५७७८ आणि एसडीआर ११ किंवा १३.५ असं लिहिलेलं असतं. एसडीआर म्हणजे बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी, म्हणजे आकडा लहान तेवढा पाइप जाड. पाऊण इंचीचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर असतो, ११ मध्ये भिंत २ मिलिमीटरची येते आणि १३.५ मध्ये साधारण १.७ ची.

आता प्रेशर. दुकानदार सांगतो एसडीआर ११ ला २८ किलो प्रेशर चालतं, ते खरंच आहे, पण २३ डिग्रीला! तोच पाइप ८२ डिग्रीला ७ किलोवर येतो आणि १३.५ वाला साडेपाचच्या जरा वर. गीझरच्या लाइनीला हाच दुसरा आकडा बघायचा. समजा तुमचा फ्लॅट टाकीच्या १५ मीटर खाली आहे, तर १० मीटरला साधारण १ किलो या हिशोबाने दीड किलो झालं, वर शॉवरसाठी २ किलोचा प्रेशर पंप बसवला तर साडेतीन. म्हणजे १३.५ पण चालतो, पण टाइलच्या आत जाणाऱ्या लाइनीला मी ११ च घालतो, कारण उद्या गळलं तर टाइल फोडावी लागते आणि वाचलेले पैसे त्यात केव्हाच जातात.

पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्याला छान आहे, स्वस्त पण पडतो, फक्त गरम पाण्याच्या जवळ नेऊ नका, ४५ डिग्रीच्या पुढे तो मऊ पडायला लागतो.

आणि खरं सांगू का, पाइप सहसा फुटत नाही हो, जॉइंट गळतो. माझ्याच घरी प्लंबरने सीपीव्हीसीला यूपीव्हीसीचं सोल्युशन लावलं होतं, दोन हिवाळे नीट गेले आणि मग बेडरूमच्या भिंतीला पोपडे यायला लागले, भिंत फोडली तर गरम लाइनीचा एल्बो हाताने फिरत होता. म्हणून सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन लावा, आणि पाइप, फिटिंग आणि सोल्युशन तिन्ही एकाच कंपनीचं घ्या. नळ आणि गीझर जिथे बसतो तिथे ब्रास इन्सर्टवाले एल्बो घाला, प्लास्टिकची चुडी नळ आवळताना चिरते. चुडीला टेफ्लॉन टेप पुरते, सुतळी-सफेदा सीपीव्हीसीला लावू देऊ नका, त्यातलं तेल प्लास्टिक खातं.

टाइल लावायच्या आधी, जॉइंटना २४ तास देऊन, सगळे पॉइंट प्लगने बंद करा, लाइनीतली हवा काढा आणि हँडपंपाने ७ किलो भरा, म्हणजे आपल्या साडेतीनच्या दुप्पट. काटा दोन तासांनी खाली आला तर एकेका जॉइंटवर सुका टिश्यू फिरवा, ओला होईल तिथे कापून नवीन फिटिंग घालायचं, वरून सोल्युशन फासून चालत नाही.