शेअरच्या सौद्यांची उलाढाल आणि ऑडिटची मर्यादा
(दारव्हा तालुक्यातील कृषी केंद्रचालक आणि शेतकरी यांच्यासमोर एका कर सल्लागाराने दिलेले व्याख्यान, संपादित)

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि मोबाईलवर शेअरचे सौदेही चालतात. दोन्हींचा हिशेब वेगवेगळा आहे, असं तुम्ही समजता. आयकर खातं मात्र ऑडिटची मर्यादा तपासताना दोन्ही धंद्यांची उलाढाल एकत्र करतं. मी आज सांगतो ते 1961 च्या कायद्याप्रमाणे, म्हणजे 31 मार्च 2026 ला संपणाऱ्या वर्षापर्यंतच्या हिशेबासाठी.

आधी उलाढाल म्हणजे काय ते पाहू. समजा तुम्ही सकाळी 200 शेअर 450 रुपयांना घेतले आणि दुपारी 456 ला विकले. नफा 1,200 रुपये. दुसऱ्या दिवशी 300 शेअर 310 ला घेऊन 305 ला विकले. तोटा 1,500. निव्वळ हिशेब 300 रुपये तोट्याचा. पण उलाढाल ना 300, ना विक्रीची पूर्ण रक्कम. नफ्याचा आणि तोट्याचा आकडा, वजाचं चिन्ह काढून, एकमेकांत मिळवायचा : 2,700 रुपये. फ्युचर्सलाही हीच रीत. ऑप्शनमध्ये मात्र दोन आकडे फिरतात, कारण पूर्वी विक्रीचा प्रीमियम वेगळा मिळवत असत. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या 2022 च्या मार्गदर्शिकेनुसार प्रीमियम नफा-तोट्यात आलाच असेल, तर तो पुन्हा मिळवायचा नाही. ब्रोकरच्या अहवालात कोणती पद्धत धरली आहे, हे विचारूनच घ्या.

अहवालात आणखी एक गोष्ट पाहा. काही ब्रोकर एकाच शेअरचे वर्षभराचे सौदे एकमेकांत वळते करून एकच आकडा देतात. त्याने उलाढाल कमी दिसते. तुम्ही मर्यादेच्या जवळ असाल, तर सौदावार अहवाल काढा आणि तोच धरा.

आता एक उदाहरण घेऊ. एका कृषी केंद्राची वर्षाची विक्री 91 लाख, त्यात रोकड 35 लाखांच्या आसपास. खतावर नफ्याचं प्रमाण कमी म्हणून मालक पूर्ण वह्या ठेवतो, 44AD ची ठोक टक्केवारी त्याने कधी घेतलेली नाही. दुकानाचा नफा 6,40,000. इंट्राडेमध्ये नफ्याचे सौदे 62,000 चे, तोट्याचे 88,000 चे, म्हणजे उलाढाल 1,50,000. फ्युचर्स-ऑप्शनमध्ये नफा 4,10,000, तोटा 5,60,000, उलाढाल 9,70,000.

बेरीज करा : 91,00,000 अधिक 1,50,000 अधिक 9,70,000. झाले 1,02,20,000. नुसत्या दुकानावर ऑडिट लागलं नसतं, पण एकत्रित आकडा एक कोटीच्या वर गेला. कुणी म्हणेल, मर्यादा दहा कोटी झाली ना? झाली, पण रोखीतली जमा आणि रोखीतला खर्च, दोन्ही आपापल्या एकूण रकमेच्या पाच टक्क्यांच्या आत असतील तरच. शेअरचे पैसे सगळे बँकेतून फिरतात म्हणून माणूस निश्चिंत राहतो, आणि गल्ल्यातली रोकड त्याची दहा कोटींची सवलत घालवते. ऑडिट करायचं राहिलं, तर 271B प्रमाणे उलाढालीच्या अर्धा टक्का दंड लागू शकतो, कमाल दीड लाख. इथे 51,100 रुपये होतात.

आता उत्पन्न. इंट्राडे हा सट्ट्याचा धंदा धरतात. मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरचं फ्युचर्स-ऑप्शन हा सट्टा नाही. म्हणून दोन रकाने वेगळे. ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचे आकार असा खर्च दोन्हीकडे वजा होतो. आपल्या उदाहरणात फ्युचर्स-ऑप्शनचा 1,50,000 तोटा अधिक 60,000 खर्च, एकूण 2,10,000. तो दुकानाच्या नफ्यातून वजा होतो आणि 4,30,000 उरतात. इंट्राडेचा 26,000 तोटा अधिक 4,000 खर्च, हे 30,000 मात्र दुकानाला लावता येत नाहीत. ते फक्त इंट्राडेच्याच पुढच्या नफ्यासमोर, चार वर्षांपर्यंत. आणि त्यासाठी विवरणपत्र, म्हणजे आयटीआर-3, मुदतीच्या आत भरलेलं हवं. उशीर झाला की तो तोटा पुढे ओढता येत नाही. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, कारण तोटा झालेल्या वर्षी विवरणपत्र भरायची घाई कुणालाच नसते.

कापसाच्या पैशातून तोटा वजा होईल का, असं मागून विचारलं. नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, आणि जे करमुक्त आहे त्यातून धंद्याचा तोटा वजा करता येत नाही. शिक्षक असाल, तर पगारातूनही तो वजा होत नाही. फ्युचर्स-ऑप्शनचा उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण पुढच्या वर्षांत धंद्याच्या उत्पन्नासमोरच.