‘रात्रभर’ म्हणजे नक्की किती वाजता?

तक्रार बहुधा अशीच येते: “वरचे लोक रात्रभर सामान ओढतात, डोळ्याला डोळा लागत नाही.” तुम्ही घरमालक असा की इमारतीचे व्यवस्थापक, एवढ्यावर वर फोन लावू नका. ‘रात्रभर’ हा शब्द ऐकला की वरचा भाडेकरू म्हणणार, “आम्ही तर दहाला झोपतो.” तो खोटंही बोलत नसतो, पण बोलणं तिथेच खुंटतं.

आधी तक्रार करणाऱ्याला 14 दिवस नोंद ठेवायला सांगा. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, आवाज कसा आणि कोणत्या खोलीत ऐकू आला, एवढे पाच रकाने पुरेत. नोंद तेव्हाच्या तेव्हा करायची. सकाळी आठवून लिहिलं की दहा मिनिटांचा तास होतो. ‘मुद्दाम’, ‘असह्य’ हे शब्द वहीत नकोत. ‘फरशीवर लाकूड घासल्यासारखा, तीन-चार वेळा’ असं लिहावं. शांत गेलेल्या रात्रीपुढे ‘काही नाही’ असं लिहायचं, कारण त्या ओळींमुळेच वहीवर विश्वास बसतो. मोबाईलवरच्या डेसिबलच्या आकड्यात मात्र अडकू नका, तो फोनगणिक बदलतो.

समजा, 14 दिवसांत 9 नोंदी झाल्या. त्यातल्या 8 पहाटे 5:10 ते 5:30 मधल्या, सगळ्या मागच्या खोलीतल्या. उरलेली एक रात्री 11:40 ची. म्हणजे ‘रात्रभर’ आता वीस मिनिटांवर आलं. तरीही आवाज नेमका वरूनच येतो, हे ठरलेलं नाही. ठोका किंवा घासणं स्लॅब आणि भिंतींतून पसरतं, त्यामुळे तिरक्या बाजूच्या घरातला आवाजही डोक्यावर वाटतो. म्हणून निरोपात आरोप नको, विचारणा हवी:

“नमस्कार. गेल्या दोन आठवड्यांत आठ दिवस पहाटे 5:10 ते 5:30 च्या दरम्यान फरशीवर काही सरकवल्याचा आवाज खाली ऐकू आल्याची नोंद आहे. तो तुमच्याकडचाच आहे असं नाही. त्या वेळेला मागच्या खोलीत काही हलवावं लागतं का, एवढं कळवाल का?”

हा निरोप दिवसा, एकट्याला पाठवा. इमारतीच्या ग्रुपवर टाकलात तर चारचौघांत अपमान झाला, हाच वाद उरतो. तक्रारदाराचं नाव लिहू नका; पण खाली एकच घर असेल तर ते ओळखू येणारच, हे त्याला आधी सांगून त्याची संमती घ्या.

उत्तर आलं की, कामावर निघण्याआधी घडीची खाट भिंतीशी सरकवतो, तर उपाय सोपा: पायांखाली जाड नमद्याच्या चकत्या, किंवा खाट उचलून ठेवणं. चकत्यांत खडे रुतले की घासणं पुन्हा सुरू होतं, तेव्हा त्या अधूनमधून तपासाव्या लागतात. चालण्याचे धप्प आवाज मात्र चकत्यांनी जात नाहीत, तिथे जाड सतरंजी थोडीफार मदत करते. आणि साधं चालणं-फिरणं कुणाला बंद करायला सांगता येत नाही, हे खालच्यालाही स्पष्ट सांगा.

वही मात्र आणखी 14 दिवस चालू ठेवायची, त्याच पाच रकान्यांत.